पाहुण्यांसमोर जोडीदार उणं काढतो तेव्हा: एकांतात, शांतपणे कसं सांगावं

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की आमच्याकडे मोहोळजवळच्या शेतावर हुरडा असतो. यांचे काका-काकू, चुलत दीर, जावा, पोरंबाळं अशी अठराएक माणसं जमतात. त्या वर्षी आगटीभोवती पोती अंथरून सगळे बसले होते. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता आणि भाजलेली कणसं हातावर चोळून गरम हुरडा ताटल्यांत पडत होता. शेंगाची चटणी मी नवी पेठेतून नेली होती. काकूंनी सहज विचारलं, "कितीला आणलीस गं?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "तिला काय विचारताय काकू, दुकानदार सांगेल ती किंमत देऊन येते. वीस तारखेला आमच्या घरातला पैसा संपलेला असतो." सगळे हसले. सासूबाई विस्तवाकडे बघत राहिल्या. धाकट्या जावेनं काही न बोलता माझ्या ताटलीत गुळाचा खडा ठेवला, आणि मला तिथंच रडू फुटतंय की काय असं झालं.

असं बोलणं वर्षभरातलं चौथं होतं. आधीच्या तिन्ही वेळा मी परतीच्या गाडीतच विषय काढला होता. सोलापूर येईपर्यंत भांडण, मग दोन दिवस अबोला, आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी वेगळ्या रीतीनं सांगितलं. ती रीत इथं पायरीपायरीनं देते. नवऱ्याला आम्ही अहो-जाहो करतो, म्हणून वाक्यं तशी आहेत. तुमच्याकडे अरे-तुरे असेल तर क्रियापदं बदला, बाकी तसंच ठेवा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

सगळी गाडी अडते ती इथं. नवरा पाहुण्यांत काही बोलला की आपल्या मनात दोन तक्रारी एकदम उठतात. एक म्हणजे तो बोलला ते खोटं आहे. दुसरी म्हणजे तो ते चार लोकांत बोलला. आपण घरी येऊन पहिली तक्रार मांडतो, कारण ती जास्त झोंबलेली असते. "शाळेची फी कुणी भरली? गॅस कुणी आणला? म्हणून वीस तारखेला संपला ना पैसा!" मग तोही आकडे काढतो आणि रात्रभर हिशोबाचं भांडण चालतं. चार लोकांत बोलू नये, ही गोष्ट त्यात कुठंच येत नाही. माझ्या आधीच्या तिन्ही भांडणांत हेच झालं होतं.

म्हणून बोलायला बसण्यापूर्वी स्वतःशी ठरवा की खर्च जास्त होतो की नाही, भाकरी कडक झाली की नाही, हा आजचा विषयच नाही. तो म्हणाला त्यात तथ्य असलं तरी मागणी तीच राहते: जे सांगायचं ते घरी सांगा. हे एकदा मनात पक्कं बसलं की आवाज आपोआप खाली येतो, कारण स्वतःचा बचाव करण्याचं ओझं उरत नाही.

घडलेलं वहीत लिहा

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एक प्रसंग लिहून काढा. कुठं होतो, कोण कोण होतं, कशावरून विषय निघाला आणि तो नेमकं काय म्हणाला, तेवढंच. "माझा पाणउतारा केला" असं लिहू नका, ते आपलं मत झालं. "वीस तारखेला आमच्या घरातला पैसा संपलेला असतो, असं म्हणाले" हे शब्द झाले. शब्द धरून बोललं तर "मी असं म्हणालोच नाही" हा वाद उभा राहत नाही.

मागचे प्रसंग आठवत असतील तर वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा, बोलताना मात्र एकच काढा. मला चार आठवत होते आणि चारही एकदम ऐकवायचा मोह खूप होता. पण चार प्रसंग ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर खटला भरलाय, आणि मग तो ऐकणं सोडून उत्तरं शोधायला लागतो.

लिहून झालं की स्वतःला विचारा, तो असं का बोलला असेल? माझ्या बघण्यात तीन कारणं येतात. काहींना मंडळी हसवायची सवय असते आणि हाताशी असलेलं माणूस म्हणून बायको सापडते. काहींच्या मनात खरी तक्रार असते, घरी बोलायचा धीर होत नाही, म्हणून गर्दीत चेष्टेच्या आडून ती बाहेर पडते. तिसरं कारण मला उशिरा कळलं. आपली आई किंवा काकू बायकोला काही बोलणार हे त्याला दिसतं, आणि ती बोलायच्या आत तो स्वतःच हलकं बोलून विषय संपवतो. त्याच्या मते तो बायकोला वाचवत असतो. कारण कोणतंही असलं तरी मागणी बदलत नाही, पण पुढं त्याच्याशी काय ठरवायचं ते यावरून कळतं. अंदाज मनातच ठेवा. "तुम्हाला ना, लोकांना हसवायची हौस" असं म्हटलं की बोलणं तिथंच संपलं.

वेळ आणि जागा

त्याच दिवशी बोलू नका आणि आठवडाही जाऊ देऊ नका. दोन ते चार दिवसांत बोलावं. त्याच दिवशी दोघंही दमलेले असतात, आणि फार उशीर केला तर त्याला तो प्रसंग आठवतच नाही. जेवणाआधी, झोपायच्या तोंडावर आणि कामावर निघताना टाळा. तो कारखान्यात रात्रपाळीला असेल तर पाळीवरून आल्याआल्या नको. झोप होऊन चहा झाल्यावर बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. लिहिलेल्या शब्दांत आवाज ऐकू येत नाही, आणि तो मेसेज कुणाला दाखवला जाईल याचा भरवसा नसतो.

दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, मुलं असताना एकांत आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे. बंद दाराआड हळू बोललं तरी बाहेर कान लागतात, आणि तोही मोकळं बोलत नाही. घराबाहेर पडणं उत्तम. सिद्धेश्वराच्या देवळाकडे गेलात तर ओळखीचं कुणीतरी भेटतंच, म्हणून तिकडं नको. आम्ही विजापूर रोडला कंबर तलावाकडे गेलो. उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर गच्चीही चालते. मोटारसायकलवर मात्र विषय काढू नका. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललेलं वाक्य भांडणच वाटतं. शेजारी शेजारी चालत बोलणं मला समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं गेलं. नजर सारखी एकमेकांवर नसते, गप्प झालं तरी पाय चालू असतात.

आधी सांगून ठेवा: "आज संध्याकाळी मला तुमची वीस मिनिटं हवीत. भांडायचं नाही, एक गोष्ट सांगायची आहे." दिवसभर त्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून हे सकाळी सांगू नका, निघायच्या तासभर आधी सांगा. "कशाबद्दल?" असं विचारलं तर लपवू नका, "परवाच्या हुरड्याबद्दल" एवढं सांगा.

पहिली तीन वाक्यं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. अमेरिकेत सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १२४ नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर बोलायला लावून त्यांचं बोलणं टिपलं आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या सहा वर्षांत कोणतं लग्न मोडेल याचा अंदाज त्यांना बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही बांधता आला. ती जोडपी तिकडची, आपली घरं वेगळी, पण सुरुवात कडू झाली की शेवटही कडूच होतो हे मी आमच्या गाडीत तीनदा अनुभवलं होतं.

मी वहीत सहा वेळा खोडून अशी वाक्यं लिहिली आणि कपडे वाळत घालताना मोठ्यानं म्हणून पाहिली:

"हुरड्याला काकूंनी चटणीची किंमत विचारली, तेव्हा तुम्ही म्हणालात की वीस तारखेला आपल्या घरातला पैसा संपलेला असतो. अठरा माणसांत ते ऐकून मला मान वर करवेना. माझं चुकत असेल ते घरी सांगा, मी ऐकेन, पण तुमच्या माणसांसमोर माझं उणं काढू नका."

पहिल्या वाक्यात फक्त घडलेलं आहे. 'नेहमी', 'दर वेळी', 'तुमच्या घरचे सगळे' यातलं काही नाही. 'नेहमी' म्हटलं की समोरचा लगेच एक दिवस शोधून काढतो, ज्या दिवशी तो तसं बोलला नव्हता. दुसऱ्या वाक्यात माझं काय झालं ते आहे, तो कसा माणूस आहे ते नाही. तिसऱ्यात मागणी आहे, आणि मागणीबरोबर माझ्याकडून एक वचन आहे. ते वचन फार महत्त्वाचं आहे. घरी सांगितलेलं मी ऐकणार नसेन, तर तक्रार पाहुण्यांतच बाहेर पडणार.

"माझा मान ठेवा" असं म्हणून थांबू नका. मान ठेवायचा म्हणजे काय करायचं ते त्याला कळत नाही. काय करायचं नाही आणि त्याऐवजी काय करायचं, दोन्ही सांगा.

तीन वाक्यं झाली की गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. ही शांतता सहन होत नाही आणि आपण चौथं, पाचवं वाक्य जोडतो. नेमकं त्यातलंच एखादं टोचतं.

तो काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं

"अगं, चेष्टा केली. तू फारच मनाला लावून घेतेस." हे बहुतेक घरांत येतं. चेष्टा होती की नव्हती यावर वाद घालू नका. "चेष्टाच होती, मान्य. तरी मला लागलं. घरात माझी चेष्टा करा, मलाही हसू येतं. पैशावरून आणि स्वयंपाकावरून तेवढी पाहुण्यांत नको." विषयांची नावं घेऊन सांगितलं की त्याला पाळायला सोपं जातं.

"मग खोटं बोललो का मी?" हा तोच जुना खड्डा. "खर्चाचं आपण रविवारी वही घेऊन बसू. आज फक्त कुठं बोलायचं एवढंच बोलू." आणि रविवारी खरंच बसा. नाही बसलात तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

"तू नाही का बोलत माझ्याबद्दल तुझ्या भावासमोर?" मला हे ऐकावं लागलं आणि ते खरं होतं. मी माहेरी बोलले होते की यांना घरात साधा खिळा ठोकता येत नाही. असं असेल तर 'पण' न लावता कबूल करा: "हो, बोलले. माझी चूक झाली, मीही बोलणार नाही." यानं आपली बाजू पडत नाही. उलट नियम दोघांचा होतो, आणि दोघांचा नियम पाळायला त्याला कमीपणा वाटत नाही.

तो काहीच बोलला नाही तर पिच्छा पुरवू नका. एकानं मागे लागायचं आणि दुसऱ्यानं आणखी मिटून जायचं, हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. "आत्ता उत्तर नको. परवा रात्री सांगा," एवढं म्हणून दुसऱ्या विषयावर या.

आवाज चढायला लागला तर थांबा. कसं ओळखायचं? मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. पंचवीसच्या पुढे गेले तर नाडी मिनिटाला १०० च्या वर आहे, आणि त्या अवस्थेत ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. चढण चढून आल्या असाल तर हा हिशोब लागू नाही. किमान वीस मिनिटं थांबायचं, पण परत कधी बोलायचं ते सांगून थांबायचं: "मी जरा चालून येते, साडेआठला इथंच बोलू." न सांगता निघून गेलं की तो अबोलाच होतो.

आमच्याकडे झालं ते असं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. तलावाच्या कडेनं पुष्कळ अंतर चालून झाल्यावर म्हणाले, "दिवाळीत काकू आईजवळ तुझ्या खर्चावरून बोलत होत्या. मीच आधी हसण्यावारी नेलं की त्या पुढं बोलत नाहीत." मला हे ठाऊकच नव्हतं. राग जागच्या जागी विरला असं नाही, पण कुणाशी काय ठरवायचं ते मला दिसलं. मी विचारलं, "काकूंना गप्प करायला दुसरं काय म्हणता येईल?" त्यांना सुचेना. मग दोघांनी मिळून एक वाक्य बसवलं: "ते आम्ही बघतो, काकू." तीन शब्द आणि काकूंचा मान. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

जुन्या सवयीच्या जागी नवं वाक्य हातात दिलं नाही, तर आयत्या वेळी जुनंच तोंडातून निघतं. म्हणून हे वाक्य त्याच बैठकीत ठरवून घ्या.

घरात दुसरी भाषा असेल तर

सोलापुरात हे वेगळं सांगायला हवं. कितीतरी घरांत मोठी माणसं आपसात कन्नड किंवा तेलुगू बोलतात आणि सून मराठी घरातून आलेली असते. अशोक चौकाकडच्या एका तेलुगू घरात माझी मैत्रीण दिलेली आहे. नवरा त्याच्या मावश्यांशी तेलुगूत बोलायचा, मध्येच हिचं नाव यायचं आणि सगळ्या हसायच्या. काय बोलले हेच कळत नसेल तर वहीत शब्द कसे लिहायचे? तिनं जे दिसलं तेवढंच सांगितलं: "तुम्ही बोलत होतात, माझं नाव तीनदा आलं आणि सगळे हसले. मला एकटं पडल्यासारखं झालं." तिची मागणीही मला फार पटली: "माझं नाव घेऊन बोललात तर लगेच मला मराठीत सांगा." जे तिला मराठीत सांगता येणार नाही ते तो तेलुगूतही बोलेनासा झाला.

पुढच्या कार्यक्रमाला

निघण्यापूर्वी एकदाच आठवण करायची, तीही एका वाक्यात: "आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना?" वाटेत पुन्हा नाही.

कार्यक्रमात पाय घसरलाच तर खूण हवी. आमची खूण आहे, "किती वाजले हो?" कुणालाही हा साधा प्रश्न वाटतो. डोळे वटारणं, कोपरानं ढोसणं या खुणा पाहुण्यांना आधी दिसतात. खूण करूनही तो बोलत राहिला तर शांतपणे "ते आपण घरी बोलू" म्हणा आणि उठून कामाला लागा. त्याचं उणं तिथं काढू नका. तसं केलंत तर पुढच्या बोलण्यात तुमच्याकडे मागायला काही उरत नाही.

सासूबाईंना किंवा जावेला मध्ये घालू नका. त्यांनी समजावलं तर त्याला वाटतं की घरभर तक्रार गेली. ज्या गोष्टीसाठी आपण एकांत मागितला, ती आपणच चार लोकांत नेल्यासारखं होतं.

त्यानं एकदा पाळलं की त्याच रात्री सांगा: "आज काकू बोलल्या तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत, मला बरं वाटलं." नेमकं काय आवडलं ते सांगा.

तीन कार्यक्रमांपर्यंत वाट बघा. सवय एका बैठकीत जात नाही. पण तिन्ही वेळा काहीच फरक नसेल, तर पुन्हा बसून सांगा की अशा कार्यक्रमांना मी थोडा वेळच येईन. धमकी म्हणून सांगू नका, आणि पाळणार असाल तरच सांगा.

हीच रीत पुरुषांनाही लागू आहे. बायको तिच्या भावांसमोर "यांची नोकरी अजून कायम नाही" असं म्हणते, तेव्हा जावयाची मानही अशीच खाली जाते. ती माहेरहून परतल्याच्या दिवशी विषय काढू नका, एवढंच जास्तीचं सांगते.

ही रीत कुठं चालत नाही

आपण हे बोललो तर तो हात उचलेल, घराबाहेर काढेल, पैसे बंद करेल अशी भीती वाटत असेल, तर एकांतात बोलायला जाऊ नका. तिथं एकांत हाच धोका आहे. मूल होत नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे, माहेरून काही आणलं नाही म्हणून अपमान, शिवीगाळ हे सवयीचं बोलणं नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात असा शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारात मोडतो. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि तक्रार नोंदवायला या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आधी विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा आणि मग पाऊल उचला.

आमच्याकडे त्यानंतर तीन कार्यक्रम झाले. अक्कलकोटला बारसं होतं, तिथं हे काहीच बोलले नाहीत. एप्रिलमध्ये चुलत नणंदेच्या साखरपुड्याला पंगतीत बसल्याबसल्या म्हणाले, "हिला कुठल्याही साडीवर घासाघीस करता..." मी वेळ विचारली. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाढप्याकडून मठ्ठा मागवला. मे महिन्यातल्या लग्नात काकूंनी माझ्या नव्या साडीचा पदर हातात घेऊन विचारलं, "केवढ्याची गं? या महिन्यात परवडली का?" हे पलीकडे दीरांशी बोलत उभे होते. तिथूनच म्हणाले, "ते आम्ही बघतो, काकू." काकूंनी पदर सोडला आणि आईसक्रीम कुठं ठेवलंय ते विचारलं.